गटाराचं झाकण आणि दुसरा अर्ज

आमच्या गल्लीच्या वळणावरचं गटाराचं झाकण मलब्याच्या टिप्परनं फोडलं. कोपऱ्यावर कोणाचं तरी घर बांधणं सुरू होतं, टिप्पर मागं घेताना चाक बरोब्बर झाकणावर आलं आणि झाकणाचे दोन तुकडे झाले. एक आत पडला, दुसरा वर लटकून राहिला. मग भोवतीचा रस्ताही खचला, आणि पंधरा दिवसांत तिथं असा खड्डा झाला की सायकलचं अख्खं चाक आत जावं. सगळे त्याला वळसा घालून जायचे. वळसा घालायला खड्डा दिसावा लागतो, एवढंच.

माझ्या नवऱ्याला तो दिसत नव्हता.

हे वाक्य मी आज लिहून राहिले, तेव्हा आमच्या घरात ते कोणी उच्चारत नव्हतं. काचबिंदूनं त्यांची नजर आधी बाजूनं खाल्ली, मग मधून. शेवटी फक्त उजेड-अंधार कळायचा. पण हा माणूस एसटीचा ड्रायव्हर. उमरेडच्या रस्त्यावर जन्म घालवला, वर्षानुवर्षं डोळे तपासून ‘पास’ होत आला. त्यांना विचारलं तर म्हणायचे, दिसते मले, उजेड कमी आहे. भर दुपारी बारा वाजता उजेड कमी! मी गप बसायची. बसायची म्हणजे काय, भांडे आदळायची आणि मग गप बसायची.

रोज सकाळी सातला ते एकटे, भिंतीच्या कडेकडेनं, बुद्ध विहारात जायचे. घरापासून दोनशे पावलं असतील. तिथं पाच-सात म्हातारी माणसं जमायची आणि बुद्धवंदना हे घ्यायचे. आवाज अजून खणखणीत. दिवसभरात तेवढं एकच काम त्यांचं स्वतःचं उरलं होतं. एकदा मी न सांगता त्यांच्या मागं मागं गेले, तर पावलं ओळखून थांबले, घरी परत आले आणि दोन दिवस बाहेरच पडले नाहीत. म्हणून मला पक्कं ठाऊक होतं, हाताला धरून न्यायची वेळ आली की हे विहार सोडतील. आणि विहार सोडलं की हा माणूस खाटेवर बसून राहील, मग खाटेवर पडून राहील. आमच्या गल्लीत असे दोन मी पाहिले होते.

तर अर्ज लिहायला मी बसले. शाळेत तीस वर्षं कारकुनी केली, अर्जाचं मला काय भेव. प्रति, सहायक आयुक्त, महापालिका झोन कार्यालय. विषय, धोकादायक खड्डा व गटाराचे तुटलेले झाकण दुरुस्त करणेबाबत. फोटो काढले तीन. एक जवळून, एक खड्ड्यात पट्टी उभी करून, आणि एक लांबून, विजेच्या खांबाचा नंबर दिसेल असा, म्हणजे जागा सापडली नाही म्हणायला नको. झेरॉक्सवाल्यानं आधी काळे-पांढरे काढून दिले. त्यात खड्डा म्हणजे रस्त्यावर सांडलेलं पाणी वाटत होतं. मी म्हटलं रंगीत काढ बापा, सरकारी डोळ्याला एवढं बारीक दिसत नाही.

लिहिता लिहिता हे पलंगावरून म्हणाले, “त्यात माहं नाव-गाव काही टाकू नको. मी काही पडलो-बिडलो नाही.”

मी नाही टाकलं. ‘नागरिकांना त्रास होत आहे’ असं लिहिलं. नागरिक म्हणजे कोण, तर कोणीच नाही.

आवक खिडकीवर शिक्का मारून माझी प्रत परत मिळाली. तिथल्या बाबूनं अर्ज वाचून सांगितलं की रस्ता एका टेबलाचा आणि गटार दुसऱ्या टेबलाचं, दोन्हीकडं पाठवतो. अपघात झाला का कोणाचा, असंही त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. त्यानं कागद ढिगावर ठेवला. वर नाही, खाली.

आता इथं आमच्या गल्लीचा चांगुलपणा आडवा आला. समोर एक ऑटोवाला राहतो. सज्जन माणूस, यांना दादा म्हणतो. त्यानं पाहिलं, बाई दोनदा ऑफिसात जाऊन आल्या, काम काही होऊन नाही राहिलं. रविवारी त्यानं नव्या घराच्या बांधकामावरून एक शहाबादी फरशी आणली, गटारावर टाकली आणि बाकीच्या खड्ड्यात मलबा दाबून भरला. आमच्याकडं हीच पद्धत. रस्ता महापालिकेचा असो की कोणाचाही, माणूस पडू नये म्हणून जे हाताशी असेल ते टाकून द्यायचं. मीच त्याला चहा पाजला. मीच. माझीही अक्कल तेव्हा चरायला गेली होती.

बुधवारी मोबाईलवर मेसेज आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

आणि गुरुवारी सकाळी फरशी डुगडुगली. तिचा एक कोपरा अधांतरी होता. डोळस माणूस बघून मधोमध पाय देतो; खड्डा बुजला म्हणून हे भिंत सोडून चालले आणि यांचा पाय नेमका कोपऱ्यावर पडला. फरशी उलटली आणि हे गुडघ्यापर्यंत आत. ऑटोवाल्यानं वर काढलं, घरी आणलं. नडगीची कातडी सोलली होती, पायजमा गटारानं भरलेला. मी गरम पाणी आणलं. ते म्हणाले, पाय घसरला. मी पाय धुतले, हळद लावली, आणि इतका राग आला, इतका राग आला की रडूच आलं. राग कोणावर, ते मला त्या दिवशी धड सांगताही आलं नसतं. ऑटोवाला दारात उभा राहून स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता, त्याला समजवायलाही मीच.

साडेदहाला मी झोन ऑफिसात उभी. रस्त्याच्या टेबलावर कनिष्ठ अभियंता म्हणून एक पोरगी होती, माझ्या लेकीपेक्षा लहान. मी माझा शिक्क्याचा कागद तिच्यासमोर ठेवला आणि सुरू झाले. माणूस न पाहता तक्रार बंद करता, आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ... आणि तोंड मिटलं. ही म्हण आमच्या घरात मी तीन वर्षं तोंडात आणली नव्हती, आणि ऑफिसात आणली.

 पोरीनं मोबाईल काढून पाहणीचा फोटो दाखवला. विजेचा खांब, नंबर, आणि खाली मलबा दाबून भरलेला रस्ता, त्यावर नीट बसलेली फरशी. ती खरंच येऊन गेली होती. ती म्हणाली, “काकू, जागेवर झाकलेलं दिसलं, मी काय लिहू? उघडं असतं तर त्याच दिवशी वर पाठवलं असतं.”

मग तिनं खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. असे अर्ज रोज गठ्ठ्यानं येतात. सगळ्यांत ‘नागरिकांना त्रास’ असतो. कोणाला, कसा धोका आहे ते लिहिलं तर तिला दोन्ही टेबलांचं काम एकत्र तातडीचं म्हणून वरच्या साहेबांकडून मंजूर करून घेता येतं. आणि फरशी काढून ठेवा, उद्या आठच्या आत येते, म्हणाली.

मी तिथंच बाकावर बसून दुसरा अर्ज लिहिला. पहिल्या अर्जात जे नव्हतं ते एका ओळीत होतं. ‘माझे पती पूर्णतः अंध असून रोज या मार्गाने एकटे ये-जा करतात व आज सकाळी ते या गटारात पडले आहेत.’  ती ओळ दोनदा वाचली आणि कागद पोरीच्या टेबलावर ठेवला. घरी आल्यावर काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे नडगीला पट्टी बांधून, भिंतीच्या कडेकडेनं विहारात गेलेच. कोणाचं ऐकतील तर ना. ते गेल्यावर ऑटोवाल्यानं आणि मी फरशी ओढून काढली, मलबा उपसला. आणि उघड्या गटारापाशी मी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. ये-जा करणाऱ्याला इकडून जा, तिकडून जा. समोरची म्हातारी विचारायला आली, काहून बसली वं इथं, भर रस्त्यात? सांगितलं तर तीही पाट घेऊन बसली. शाळेची पोरं, दूधवाला, एक गाय, सगळ्यांना आम्ही वळवलं.

पोरगी आली. पावणेआठला आली, शब्दाची पक्की. टेपनं लांबी-रुंदी-खोली मोजली, फोटो काढले, खांबाचा नंबर टिपला. एवढ्यात हे विहारातून परत येताना दिसले. मी ओरडले, थांबा, तिथंच थांबा, फरशी काढली आहे. ते थांबले.

पोरीच्या हातात माझा अर्ज होता. ती मनानं चांगली, तिला काय ठाऊक. ती पुढं गेली आणि आदरानं म्हणाली, “आजोबा, अर्जात अंध लिहिलं आहे ते तुम्हीच का?”

 गल्लीतली चार माणसं उभी, म्हातारी पाटावर, ऑटोवाला मान खाली घालून.  मला वाटलं, आता हे वळतील आणि उद्यापासून घराबाहेर पडणार नाहीत. माझ्या एका ओळीनं मी यांचं विहार बंद केलं.

झाकण बसलं, ते सांगून टाकते. चौथ्या दिवशी नवी चौकट आली, सिमेंटचं जड झाकण आलं, आठवड्यानं भोवती डांबर पडलं. रस्त्याला अगदी सारखं बसलं आहे, पाय अडकत नाही. हे आजही त्यावरून एकटेच जातात.

पण त्या सकाळी ते वळले नाहीत. जिकडून पोरीचा आवाज आला होता तिकडं तोंड केलं.

“हाव, मीच,” ते म्हणाले. “मले दिसत नाही, मॅडम. तिनं खरं लिहिलं.”

तीन वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होते. ते म्हटलं की काठी घेता येईल, औषधं नीट होतील, माझं अर्धं ओझं उतरेल, असं मनाशी ठरवून ठेवलं होतं. आणि ऐकलं तेव्हा वाटलं, नको होतं. राहू द्यायचं होतं त्यांना, उजेड कमी आहे म्हणत.

पोरीनं वहीत काहीतरी लिहिलं. मी खुर्चीवरून उठले. त्यांनी धरायला म्हणून हात पुढं केला, पण मी होते त्याच्या भलत्याच बाजूला. मी खड्ड्याला वळसा घालून गेले आणि माझा खांदा त्या हाताखाली दिला.