लेखनिकाच्या अर्जावरची सही

दहावीच्या वर्षी लेखनिक आणि जादा वेळ मिळावा म्हणून बोर्डाकडं अर्ज करायचा होता. तो शाळेमार्फत जातो. आम्ही पडेगावला राहायचो, आणि घरात माझ्या डोळ्यांविषयी एकच वाक्य ठरलेलं होतं, "चष्म्याचा नंबर जरा जास्ती आहे." पाहुण्यांना हेच, शेजाऱ्यांना हेच. मोठी झाल्यावर सोयरीक जमायला अडचण नको.

बाबांनी अर्जातही तसंच लिहिलं. मुख्याध्यापकांनी तो वाचून परत दिला. "चष्मा तर अर्ध्या वर्गाला आहे. एवढ्यावर बोर्ड लेखनिक देणार नाय. दवाखान्याच्या दाखल्यावर जे आहे, ते लिहा."

बाबांनी तिथंच बसून दुसरा अर्ज लिहिला. त्यावर माझीही सही लागत होती. मुख्याध्यापक म्हणाले, "तिला आधी वाचून दाखवा. न वाचता सही कशी करंल?"

शाळेचा क्लार्क समोरच होता. बाबा हळू आवाजात वाचायला लागले. "माझ्या मुलीला कायमची अल्पदृष्टी असून तिला छापील प्रश्नपत्रिका वाचता येत नाही. तरी नववीतील विद्यार्थिनी लेखनिक म्हणून मिळावी आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळावा." कुणा दुसऱ्याच्याच मुलीचं वाचावं तसं ते वाचत होते. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सहीची जागा कळावी म्हणून त्यांनी कागदावर बोट ठेवलं. माझी अर्धी सही त्यांच्या बोटावर गेली. मला ते तेव्हा दिसलं नाही.

घरी आईनं विचारलं, "अहो, बोटाला शाई कशाची?"

"पेन गळतंय," बाबा म्हणाले.