आईच्या पिशवीवरचे कोड

आमच्या जुन्नर तालुक्यात रेल्वे नाही. त्यामुळे गाव म्हटलं की एक एसटी स्टँड, तिथं उतरलं की गाव आलं, अशी आमची सगळ्यांची समजूत. माझा दादा तर याच समजुतीवर पन्नाशी पार करून गेला. वहिनी मात्र वेगळी. विहारातल्या बायकांना घेऊन ती दरवर्षी नागपूरला जाते. पहिल्याच वर्षी गाडी नागपुरातल्याच अजनी स्टेशनावर येऊन संपली आणि ही नागपूर यायची वाट बघत डब्यात बसून राहिली. तेव्हापासून ती तिकिटावर आधी कोड वाचते, नाव नंतर.

तिची एक रीत आहे. गाडीला निघण्याआधी ती तिकीट समोर धरते आणि ज्या स्टेशनावर चढायचं त्याचा कोड मार्करनं पिशवीवर लिहिते. मी तिला चिक्कार चिडवलंय. आमच्या खोडद गावाहून निघताना तिनं आईच्या कापडी पिशवीवर PUNE लिहिलं, तेव्हा मी म्हटलं, ''वहिनी, पुणे तरी आपल्याला माहीत आहे गं!''

''पुण्यात वाकडेवाडी का स्वारगेट, ते विचारूनच एसटीत बसता ना?'' ती म्हणाली. ''मग रेल्वेलाच का लाज वाटती?''

आईला बोधगयेला जायचं होतं. बाबा गेल्यापासून तिनं दुसरं काही मागितलंच नव्हतं. गुडघे धरलेत, श्वास लागतो. हे आता नाही झालं तर कधीच नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. आधी वाराणसीजवळचं सारनाथ, मग संध्याकाळच्या गाडीनं गया, आणि दुसऱ्या दिवशी परतीचं तिकीट. बुकिंग दादानं मोबाईलवर केलं होतं. वहिनी कांदालागवडीत अडकल्यामुळे तिनं पुण्याहून निघायचं तिकीट तेवढं पाहिलं होतं, पुढची नाही.

सारनाथला स्तूपासमोर आई बराच वेळ हात जोडून बसली. जेवणं झाली. गाडीला भरपूर अवकाश होता, म्हणून दादा सावलीत आडवा झाला. वहिनीनं मार्कर काढला. ''तिकीट दाखवा.''

दादानं पडल्या पडल्याच मोबाईल दिला. वहिनीनं बघितलं आणि मार्करचं टोपण परत लावलं.

''अवो, हे DDU हाय. आपली गाडी वाराणसीतनं न्हाई.''

''काय बोलती? मी वाराणसीच टाकलं व्हतं!''

''टाकलं असंल. शहराचं नाव टाकलं की आजूबाजूच्या स्टेशनांच्या गाड्या बी दाखवतं ते. वाराणसी जंक्शन BSB, आपण उतरलो ते बनारस BSBS, अन् हे DDU गंगेच्या पल्याड. पूर्वीचं मुगलसराय. गयेची मोठी लाईन तिथनं जाती, म्हणून लई गाड्या इकडं शहरात येतच न्हाईत.''

दादा उठून बसला. त्याचा बेत सरळ होता: शहरातल्या मोठ्या स्टेशनावर जायचं आणि फलाटावर आरामात चहा घेत बसायचं. तिथं आम्ही बसलो असतो, आणि गाडी नदीपलीकडून निघून गेली असती. दुसऱ्या गाडीत जागा नव्हती, आणि जनरलच्या गर्दीत आईला घालणं शक्यच नव्हतं. मला दादाचा असा राग आला की त्याची चप्पल मीच त्याच्या पुढ्यात आपटली.

वहिनीनं मात्र आईची पिशवी खांद्याला लावली. ''अजून वेळ हाय. आई, उठा,'' एवढंच म्हणाली आणि रिक्षा ठरवायला गेली.

पुलावर वाहनं मुंगीच्या पावलानं सरकत होती. दादा घाम पुसत होता, मी घड्याळ बघत होते, आणि वहिनी मांडीवर पिशवी घेऊन, रिक्षाच्या धक्क्यांत, PUNE च्या खाली DDU लिहीत होती. अक्षरं वाकडी आली. फलाटावर पोचलो, आई पाणी प्यायली, तोवर गाडी लागलीच. आईला खिडकीजवळ बसवलं तेव्हा मला रडू आलं. या बाईला मी इतकी वर्षं चिडवत होते, आणि आज तिला काय देऊ असं मला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आई बोधिवृक्षापाशी बसली. गळलेलं एक पान तिला सापडलं, ते तिनं पदरात घेतलं. मग वहिनीचा हात धरून म्हणाली, ''सूनबाई, तू नसतीस तर मी नदीच्या अल्याडच ऱ्हायले असते.''

परतीला निघताना वहिनीनं पिशवीवर GAYA लिहिलं. आई बघत होती. इंग्रजी तिला वाचता येत नाही, पण तिनं बोटानं एकेक ओळ चाचपली.

''आता आपल्या जुन्नरचा लिही.''

''आई, आपल्याकडं रेल्वेच न्हाई. कोड कुठला?''

''मग घर लिही.''

वहिनीनं सगळ्यात खाली, मराठीत, 'घर' असं लिहिलं. ते पान आईनं त्याच पिशवीत ठेवलंय, आणि पिशवी ती कुणाला धुऊ देत नाही.