रोज पुसला जाणारा पोर्ट
आमच्या लॅबमधले संगणक बंद करून चालू केले की आदल्या दिवसाचं सगळं विसरतात. व्हायरस टिकू नये म्हणून कुणी शहाण्यानं तसं सॉफ्टवेअर घातलं आणि पासवर्ड न सांगताच नोकरी सोडली. तेव्हापासून मी रोज सकाळी आर्डुइनो बोर्डात प्रोग्राम चढवायचा एडिटर टाकतो, मग ड्रायव्हर, आणि संध्याकाळी ते पाण्यात जातं. वीट आलाय नुसता.

बोर्डही स्वस्तातले. यूएसबीची वायर लावली की लाल दिवा ऐटीत लागतो, पण त्यांच्या चिपचा ड्रायव्हर टाकल्याशिवाय पोर्टच्या यादीत नाव येत नाही. असोद्याच्या एका मुलीचा प्रोजेक्ट गेल्या वर्षी ह्याच्यापायीच राहिला होता. बोर्ड दिसला नाही, परीक्षक पुढे निघून गेले. यंदाही राहिला असता तर डिप्लोमा पुन्हा अडकला असता. म्हणून आठवडाभर ती माझ्याबरोबर सकाळी यायची. मी थकलो की म्हणायचो, “तूच टाक गं आज.” ती टाकायची.

परीक्षेच्या दिवशी धुळ्याचे परीक्षक शेजारच्या लॅबमध्ये होते. तिचा पोर्ट दिसत होता. केळीच्या मातीचा ओलावा मोजून पंप बंद करणारा प्रोग्राम बोर्डात चढला होता. एवढ्यात पंखा थांबला. यूपीएसनं एकदा टुँ केलं आणि मान टाकली.

“बठ्ठं गयं का सर?” लॅबचे शिपाई नाना दारातून म्हणाले. संगणकावरचं सगळं गेलंच होतं.

लाइट आली, संगणक चालू झाला. ना एडिटर, ना पोर्ट. नेटही बंद. बोर्डातला प्रोग्राम मात्र जागेवर होता, पंपाऐवजी लावलेला छोटा दिवा माती ओली झाली की नीट विझत होता. मला वाटलं, निभावलं. पण परीक्षक आले आणि म्हणाले, “ओलाव्याची मर्यादा बदलून दाखव.” म्हणजे प्रोग्राम पुन्हा चढवायचा. खरं सांगतो, त्या संगणकाला लाथ घालावीशी वाटली.

“सर, तुम्ही बसा,” ती मला म्हणाली. तिनं पेनड्राइव्ह लावला. नेट न लागणारा जुना एडिटर टाकला. मग ड्रायव्हर. वायर काढून पुन्हा लावली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, तरी तिनं घाई केली नाही. यादीत पोर्ट आला. तिनं आकडा बदलला, बोर्डावरचे बारके दिवे लुकलुकले आणि प्रोग्राम चढला. परीक्षकांनी ओल्या मातीत सेन्सर खुपसून पाहिला, मान डोलावली आणि सही केली.

सगळे गेल्यावर तिनं वायर गुंडाळली. रोजच्या सवयीनं विचारलं, “सर, संगणक बंद करू?”

“नको,” मी म्हणालो. “आजच्या दिवस राहू दे चालू.”