पाटीवरची जादा रेघ

चंद्रपूरच्या आमच्या तंत्रनिकेतनात थ्रीडी प्रिंटर आला तेव्हा त्याला हार घालून नारळ फोडला होता. पुढचं वर्षभर त्यानं किल्ल्यांना लावायच्या कीचेन आणि पाहुण्यांना द्यायचे वाघ तेवढे काढले. मी त्या प्रयोगशाळेतला निदेशक. वाघ काढून काढून मला वाघाचाच वीट आला होता, आणि आमच्या जिल्ह्यात असं बोलणं म्हणजे पाप.

मग अंध मुलांसाठी स्पर्शनकाशे काढायचं काम आलं. आमच्या आणि शेजारच्या अशा दोन्ही जिल्ह्यांतल्या निवासी शाळांसाठी एकवीस पाट्या, प्रत्येक शाळेची वेगळी. हातभर लांबीरुंदीची प्लास्टिकची पाटी, तिच्यावर शाळेची इमारत, वसतिगृह, हातपंप, सगळं उठावदार. जाड रेघ म्हणजे रस्ता, बारीक रेघ म्हणजे पायवाट, तुटक रेघ म्हणजे नाली. नावं ब्रेलमध्ये. पहिल्यांदा त्या यंत्राचा कुणाला तरी उपयोग होणार होता, आणि मी खरंच खूश होतो.

पहिली नमुना पाटी तपासायला एक बाई आल्या. राजुऱ्याकडच्या, लहानपणापासून दृष्टी नाही, अहेरीच्या एका निवासी शाळेत ब्रेल शिकवायला नुकत्याच लागलेल्या. सहा महिने काम पाहून कायम करणार होते, आणि अट एकच होती, शाळेच्या आवारात कुणाच्या आधाराशिवाय वावरता आलं पाहिजे. ही अट डोळस मास्तरांना कुणी घातलेली मी ऐकली नाही.

बाईंनी उजव्या हाताची तर्जनी पाटीवर फिरवली आणि दोन मिनिटांत माझी ऐट उतरवली.

"भाऊ, ह्या अक्षरायले केस आले. आन् हे फाटक बंद काऊन ठेवलं?"

फाटक बंद नव्हतं. कुंपणाच्या उठावात मी बोटभर जागा मोकळी सोडली होती. पण त्या मोकळ्या जागेवर प्लास्टिकचे तीन-चार तंतू आडवे ताणले गेले होते. मला ते दिसतही नव्हते, उजेडात तिरपं धरल्यावर दिसले. बाईंच्या बोटाला ती तारेची जाळी लागली होती.

त्याचं कारण असं. प्रिंटरचं तापलेलं तोंड वितळलेलं प्लास्टिक ओतत जातं. एक ठिपका झाला की दुसऱ्या ठिपक्याकडे त्याला रिकामं जावं लागतं. जाताना तोंडातून थोडं पाझरतंच, आणि त्याचा तंतू होतो. पावसाळ्यात प्लास्टिकची तार हवेतली ओल धरते, मग तर विचारूच नका. म्हणून निघण्याआधी तार जराशी मागे ओढून घ्यायची. दुसरं, तोंड वर उचलून न्यायचं. त्याला झेड-हॉप म्हणतात. धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीतल्या चिखलात पाय उचलून टाकावा लागतो, नाहीतर रोपं तुडवली जातात, तसंच. न उचलता नेलं तर तापलेलं तोंड झालेल्या कामावरून घासत जातं आणि मागे ओरखडा सोडतं. पण उचलायचंही बेतानं, फार उंच उचललं की वेळ जातो आणि पाझर वाढतो.

तिसरी गोष्ट कोंबिंग. रिकाम्या फेऱ्या शक्यतो छापलेल्या भागाच्या आतूनच न्यायच्या, उघड्या फटीवरून नाही, म्हणजे जो काही पाझर होईल तो पोटात राहील. शहाणा माणूस दुसऱ्याच्या पिकातून न जाता बांधाबांधानं जातो. मात्र यातही मेख आहे. आतून जाताना यंत्र तार मागे ओढत नाही, आणि ही आतली वाट सगळ्यात वरच्या गुळगुळीत थरावरून गेली तर तिथंच वळ उठतो. म्हणून वरचा थर वगळ, असं त्याला बजावून सांगावं लागतं. ठिपक्या-ठिपक्यांमध्ये तर हवाच असते, तिथं आतून जायला जागाच नाही. तिथं मागे ओढणं आणि उचलणं हाच उपाय.

बाई तीन दिवस येत राहिल्या. मी एकेक गोष्ट बदलायचो, छोटा तुकडा काढायचो, त्यांच्या बोटाखाली द्यायचो. तार वाळवली. उचल कमी केली, मागे ओढणं वाढवलं, वरचा थर वगळला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तुकडा दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "आता फाटकातून जाता येते." त्या दिवशी मी घरी जाताना गाडीवर गाणं म्हणत होतो.

मग पाट्यांच्या उद्घाटनाची तारीख लागली आणि आमच्या विभागप्रमुखांच्या अंगात आलं. माझ्या सेटिंगनं प्रत्येक पाटीला वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागत होती. सरांनी संगणकावर माझ्या शेजारी बसून झेड-हॉप बंद करायला लावला आणि कोंबिंग सगळीकडे चालू दे म्हणाले, वरच्या थरावरसुद्धा.

"सर, रेघा उमटतील," मी म्हटलं.

"दिसन का कोणाले?"

मी म्हणायला हवं होतं की ज्यांच्यासाठी करतो आहोत त्यांना सोडून कुणालाच दिसणार नाही. मी म्हटलं, "नाही सर." पंचवीस मिनिटं! आमच्याकडे हजेरीची सही करायला लोक त्याहून जास्त वेळ लावतात. हे सगळं मला आज सुचतं. त्या दिवशी मी निमूटपणे बटण दाबलं.

एकवीसच्या एकवीस पाट्या वेळेत निघाल्या. तंतू मी ब्लेडनं खरवडून काढले, कारण ते तरी काढता येतात. वरच्या थरावरचे वळ निघत नाहीत. घासायला जावं तर शेजारचे ठिपके जातात. अहेरीच्या पाटीवर एक वळ चांगलाच लांब होता, वसतिगृहाच्या दारापासून तिरका, नालीची तुटक रेघ ओलांडून थेट शाळेच्या व्हरांड्यापर्यंत. तो मी पाहिला होता, हे इथं स्पष्ट लिहितो.

उद्घाटनाला बाई आल्या. त्यांच्या हातात पाटी दिली, फोटोवाला पुढे सरसावला, सर आणि पाहुणे दोन बाजूंना उभे राहिले. सगळे फोटोवाल्याकडे बघत होते. बाई पाटी वाचत होत्या. त्यांचं बोट त्या वळावर आलं, थांबलं, मागे गेलं, पुन्हा आलं.

"भाऊ, ही बारीक पायवाट आहे का? वसतिगृहातून निघते ते?"

सर माझ्याकडे बघत होते. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर फोटोतलं हसू होतं.

"हो," मी म्हटलं. "पायवाट आहे."

"नालीवरून जाते. म्हणजे फरशी असन तिथं."

"असेल."

मी अहेरीची ती शाळा तोवर पाहिलीही नव्हती. ऑफिसातून आलेल्या आराखड्यावरून नकाशा काढला होता. चुकीच्या कामाची लाज वाटली म्हणून मी एक वाट तयार केली आणि तिच्यासाठी नालीवर फरशीही टाकून दिली. खोटं बोलायला मला तेवढाही वेळ लागला नाही, जेवढा खरं छापायला लागला असता.

महिनाभरानं शाळेतून फोन आला. बाई सकाळी वर्गावर जाताना नालीत पडल्या. तिकडचा पाऊस मोठा, म्हणून नाली कमरेएवढी खोल बांधलेली. उजवं मनगट मोडलं. आमच्या-तुमच्यासाठी मनगट म्हणजे मनगट. त्यांचं वाचणारं बोट त्या हाताचं होतं.

मी सरांकडे गेलो. बाकीच्या वीस पाट्या परत मागवू म्हटलं. सर म्हणाले, अहवाल गेला, फोटो गेले, आता कशाला राख उकरतो? मी सुटीच्या दोन दिवसांत अहेरीची पाटी नव्यानं काढली. तोंड प्रत्येक उडीला उचललं जात होतं, फटी ओलांडताना तार मागे ओढली जात होती. त्याचा तो टुक-टुक आवाज ऐकत मी शेजारी बसून राहिलो. पाटी आरशासारखी निघाली. त्याचा मला संतापच आला, कारण इतकं सोपं होतं ते.

पाटी घेऊन अहेरीला गेलो तोवर दीड महिना उलटला होता. बाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. प्लास्टर निघालं होतं, पण बोटं लाकडासारखी ताठ झालेली. दर तासाला ती वाकवायचा व्यायाम डॉक्टरांनी दिला होता. पाटी त्यांनी डाव्या हातानं वाचली, अडखळत, नव्यानं शिकणाऱ्या पोरासारखी. वसतिगृहाच्या दाराशी आल्या आणि पुढे बोट फिरवत राहिल्या. तिथं काहीच नव्हतं.

"ते पायवाट काढली तुमी."

"बाई, ती कधी नव्हतीच. यंत्राचा ओरखडा होता. मला माहीत होतं."

त्यांनी बोट पाटीवरून उचललं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी काठीनं फरशी शोधून राह्यली होती. काठीले नाई लागली. मले वाटलं, मीच चुकली. भाऊनं सांगितलं म्हणजे फरशी असनच."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कायम होण्याचं विचारलं. शाळेनं मुदत वाढवली नव्हती, पुढच्या महिन्यात दुसरं कुणी येणार होतं. आवारात आधाराशिवाय वावरता येत नाही, असा शेरा पडला होता.

"बाकीच्या पाट्या?" त्यांनी विचारलं. "त्यायच्यावर बी असन ना असे वळ?"

"वीसही पाट्यांवर."

"मंग फोन लावा. आत्ताच, माह्यासमोर. लेकरं पडतीन."

मी यादी काढून पहिल्या शाळेला फोन लावला. तिथल्या अधीक्षकांना सगळं सांगितलं, माझं नाव सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "अजी, काई चिंता नका करू. पाटी आमी ऑफिसात लावली, वर, काचेच्या फ्रेममधी. लई मस्त दिसते. लेकरायचे हात लागले तर खराब होईन न." दुसऱ्या शाळेतली कपाटात होती, कुलपात. तिसरीकडे प्रवेशद्वारावर, पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर. मी संध्याकाळपर्यंत फोन करत राहिलो. वीस शाळांत एकाही पाटीला एकाही मुलाचं बोट लागलं नव्हतं.

"काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

या वेळी मी खरं सांगितलं.

"म्हणजे वाचली मी एकटीनंच," त्या म्हणाल्या. "बरं झालं. कोणी पडलं नाई." आणि तास झाला होता म्हणून डाव्या हातानं उजवी तर्जनी धरून त्या ती हळूहळू वाकवायला लागल्या.