सात मिनिटांचं कच्चं काम

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एरंडोल तालुक्यातल्या एका कॉलेजात शिपाई होते. परीक्षेच्या दिवसांत पुरवण्या वाटायच्या, त्या बांधायला दोरा द्यायचा, तासाला टोल द्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ते स्वतःच परीक्षेला बसले. घरी बसून शिकता येतं त्या विद्यापीठातून बी.ए. करायला घेतलं आणि सगळे विषय सोडवले. एक राज्यशास्त्राचा पेपर मात्र दोनदा राहिला.

नोंदणीची मुदत संपत आली होती, म्हणजे तिसरी खेप शेवटची. आणि आबांना पदवी हवी होती ती पदवीधर मतदारसंघात मत द्यायला. त्या निवडणुकीला कॉलेजात टेबलं मांडायची, रांग लावायची, दार धरून उभं राहायचं, हे त्यांनी कितीदा तरी केलं होतं. रांगेत उभं राहायचं तेवढं राहून गेलं होतं.

मी धुळ्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. परीक्षेचं केंद्र धुळ्यातच होतं, म्हणून आबा आणि माय महिनाभर माझ्याकडे येऊन राहिले. आल्या आल्या मी आबांकडे मागच्या खेपेच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागितली. चार पुरवण्या जोडलेल्या होत्या, अक्षर मोत्यासारखं. समासात परीक्षकाने तीन ठिकाणी एकच लिहिलं होतं: "आपले मत?"

खरंच, मत कुठेच नव्हतं. "सहमत आहात का? साधार लिहा" या प्रश्नाला आबांनी लिहिलं होतं की काही जाणकार असं म्हणतात, काही तसं म्हणतात, दोन्ही बाजूंना तथ्य आहे. पुढे कलमं, तरतुदी, फायदे, तोटे, सगळं ओतलेलं.

"आबा, हा निबंध आहे का गोदामाची यादी?" मी म्हटलं. माझी जीभ जरा तिखटच आहे.

"बठ्ठं लिखं ना मी," ते म्हणाले. "काय ऱ्हायनं?"

"तुमचं म्हणणं राहिलं."

"मनं म्हननं कोन इचारस?" ते हसून म्हणाले. मला मात्र हसू आलं नाही. तीस वर्षं ज्या माणसाने "हो साहेब" एवढंच म्हटलं, त्याला मी एका वाक्यात बाजू घे म्हणून सांगत होते. मला त्यांची माया आली आणि लगेच रागही आला, बहुतेक त्या तीस वर्षांचा.

मग आमची तालीम सुरू झाली. तीन तासांत पाच प्रश्न. प्रत्येकाला पस्तीस मिनिटं, शेवटची पाच वाचून बघायला. पस्तीसातली पहिली सात लिहायची नाहीत. शेवटच्या पानावर "कच्चं काम" असं लिहून तिथे आराखडा करायचा: वर एका ओळीत आपलं म्हणणं, खाली तीन कारणं, प्रत्येक कारणापुढे एक पुरावा, मग विरोधी बाजूचा सगळ्यात जड मुद्दा आणि त्याला आपलं उत्तर. उत्तर लिहून झालं की आराखड्यावर तिरकी रेघ. पुरावा म्हणजे कायदा, आकडा किंवा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. पण ती गोष्ट कुठल्या मुद्द्यासाठी सांगतोय हे आधी ठरलेलं हवं, नाहीतर त्या नुसत्या गप्पा होतात.

सात मिनिटं पेन न चालवणं आबांना जड जाई. पुरवण्यांच्या जाडीवरून हुशारी मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी घड्याळ लावून बसले की ते चुळबुळ करत. माय कांदा चिरता चिरता म्हणायची, "त्यासले जरा दम खाऊ दे वं." आठवड्याभराने आराखडा जमायला लागला. वरची ओळ मात्र दर वेळी कोरीच. तिन्ही कारणं लिहून व्हायची, पुरावे व्हायचे, आणि ते माझ्याकडे बघायचे.

"तूच सांग ना, काय लिखू वर?"

"मी सांगितलं तर ते माझं होईल."

एकदा तर मी चिडून वही बंद केली. दुसऱ्या दिवशी ते तीच वही पुन्हा माझ्यापुढे घेऊन आले. त्या वहीकडे बघून मला माझीच लाज वाटली.

पेपरच्या दिवशी मी फाटकाबाहेर थांबले होते. आबा शेवटून दुसरे बाहेर आले. त्यांच्या हातात प्रश्नपत्रिका होती. एका प्रश्नावर बोट ठेवून म्हणाले, "हाऊ देख." प्रश्न होता: आरक्षणामुळे ग्रामपंचायतीत स्त्रियांना प्रत्यक्ष सत्ता मिळाली आहे. आपण सहमत आहात का? साधार लिहा.

सहमत आहे, असं धरून त्यांनी आराखडा सुरू केला होता. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, राज्यात निम्म्या जागा, ग्रामसभेआधी होणारी महिलांची सभा, सगळं झटपट आठवलं. मग विरोधी मुद्दा लिहायला घेतला: बायको निवडून येते आणि सभेत नवरा बोलतो. तिथे त्यांचं पेन थांबलं.

माय पूर्वी राखीव जागेवर आमच्या ग्रामपंचायतीची सदस्य होती. मी तेव्हा शिकायला जळगावला होते. मला एवढंच माहीत होतं की तिने अंगणवाडीचं छत करून घेतलं.

"पहिला दोन साल ती नुसती सही करे," आबा म्हणाले. "बोले कोन? मी. कॉलेजात दिवसभर त्वांड बंद, तठे मात्र मी साहेब. मंग एक दिवस ती भरसभामा बोलनी, तुम्ही भाईर बसा. तवय ते छत झायं."

विरोधी मुद्द्याला उत्तर त्यांना सुचेना, कारण तो मुद्दा ते स्वतःच होते. सातपैकी पाच मिनिटं गेलेली. त्यांनी पुरावे तसेच ठेवले आणि वरची ओळ खोडून नवी लिहिली: अंशतः सहमत, जागा कायद्याने मिळते, सत्ता मात्र घरातला पुरुष बाजूला झाल्यावर मिळते. मग कायदा पहिल्या कारणाला गेला, अंगणवाडीचं छत शेवटच्याला, आणि मधे "एका सदस्येचा नवरा" आला. नाव अर्थातच नाही. एकही पुरवणी घेतली नव्हती.

"मायले सांगजो नको," ते म्हणाले. मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि फाटकापाशी रिक्षावाले बघत होते.

निकाल लागला तेव्हा ते दोघं गावी परतले होते. मी मोबाइलवर बघितला आणि सांगायला स्वतःच गेले. पेपर सुटला होता, काठावर नाही, चांगला सुटला होता. मतदारयादीत नाव घालायला पदवीला तीन वर्षं व्हावी लागतात, हेही मी सांगून टाकलं. आबांनी ते मनावर घेतलं नाही. तीन वर्षं काय, बघता बघता जातील म्हणाले.

माय चहाचं आधण ठेवत होती. "यंदा असं काय लिखं तुम्ही?" तिने सहज विचारलं.

मी कप काढायला लागले. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिची घडी बोटांनी नीट करत बसले. सात मिनिटं नसतील, पण मला तेवढी वाटली.

"मनं म्हननं असं शे," ते म्हणाले, "का ते दोन साल मी तुले बोलू दिन्हं नही, ते मनं चुकनं."

मायने गॅस बारीक केला, हात पदराला पुसले आणि त्यांच्यासमोर पाटावर बसली.

"आते कारनं बी सांगा," ती म्हणाली. "बठ्ठा सांगा. माले घाई नही."