प्रश्नात नसलेला दगड

वकिलीच्या परीक्षेत मी फौजदारी कायद्यात तिसऱ्यांदा आपटलो आणि पुण्याहून थेट नगरला वकीलसाहेबांच्या कचेरीत आलो. तिथं मी कारकुनी करत असे, आणि शिकवायचेही तेच. कोल्हारला घरी जायला तोंड नव्हतं. वडिलांनी आधीच बजावलं होतं, "या येळेला न्हाई जमलं तर सरळ शेतावर यायचं. मला एकट्याला आता हुत न्हाई."

साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "प्रश्न सांग. मग तू जे लिहिलंस ते पायरीपायरीनं सांग."

प्रश्न असा होता: बांधावरून ए आणि बी यांची बाचाबाची होते. बी शिव्या देतो. ए हातातली कुऱ्हाड त्याच्या डोक्यात घालतो आणि बी जागीच मरतो. एचा गुन्हा कोणता?

"मुद्दा?"

"हा खून, की खुनाहून कमी दर्जाचा मनुष्यवध?"

"नियम?"

"कलम तीनशे आणि त्याचे अपवाद. चौथा अपवाद अचानक झालेल्या मारामारीचा."

"ठीक. आता हकीकत नियमाला लाव."

"डोक्यात कुऱ्हाड म्हणजे मरण यायला पुरेशी जखम करायचा हेतू. वरवर पाहता खूनच. पण आधीपासूनचा बेत नव्हता. बीनं आधी दगड भिरकावला, म्हणजे मारामारी दोन्हीकडून झाली. मग अपवाद लागतो. निष्कर्ष, खून नाही."

साहेबांनी हात वर केला. "दगड कुठला?"

मी प्रश्न मनातल्या मनात पुन्हा वाचून पाहिला.

"अरे, प्रश्नात नुसत्या शिव्या आहेत. एकट्यानं केलेल्या वाराला कायदा मारामारी म्हणत नाही. अपवाद गेला, खूनच राहिला. दिलेल्या हकीकतीत पदरची भर घालायची नाही, हे तुला किती वेळा सांगितलं?"

खरंच, शंभरदा सांगितलं होतं. पण प्रश्न वाचताना मला ए दिसलाच नाही. मला आमचा बांध दिसला, चुलता दिसला, कपाळातून रक्त गळणारा माझा थोरला भाऊ दिसला. दादाच्या कुऱ्हाडीनं चुलता गेला होता, आणि त्या खटल्यात दादाचे वकील साहेबच होते. चुलत्यानं आधी दगड मारला, हे दादा घसा फोडून सांगत होता, पण साक्षीदार नव्हता. कपाळाची खोक वार झाल्यानंतरच्या झटापटीतली ठरली. तेव्हा साहेबांनी मला याच कचेरीत विचारलं होतं, "आधी हात कुणी उचलला, पाहिलंस का?" चुलत्याच्या पोरांना भिऊन मी म्हणालो होतो, "मी शेतावर नव्हतोच." दादाला जन्मठेप झाली. अपील फेटाळलं गेलं. मागच्या पावसाळ्यात तो तुरुंगातच तापानं गेला.

 साहेब चष्मा काढून हळू म्हणाले, "तू तिथं होतास?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी पुढं काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कोल्हारची गाडी धरली आणि पुन्हा परीक्षेला बसलो नाही. वडिलांना वाटलं, पोराचं डोकं चालत नाही. मी त्यांना तसंच वाटू दिलं.