लोण्याचा वास

हैदराबादबाहेरच्या एका लहान वायनरीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. वाइन बनवण्याचं सगळं आमच्या सरांच्या हाती होतं. माणूस मराठवाड्यातला, नाकाचा पक्का. त्या वर्षी ते मोठ्या आजारातून उठले, पण त्यांना वास येईनासा झाला. हे फक्त मला माहीत होतं.

पांढऱ्या वाइनच्या एका पिंपात आम्ही जिवाणू सोडले होते. कच्च्या सफरचंदासारखं झोंबणारं मॅलिक आम्ल घेऊन ते सौम्य लॅक्टिक आम्ल बनवतात, दह्यात असतं तेच. सोबत लोण्याचा वासही येतो. एका दुपारी कागदावरच्या चाचणीत मॅलिकचा ठिपका दिसेनासा झाला, म्हणजे ते आम्ल संपलं, तशी मी सरांना हाक मारली.

त्यांनी एक घोट जिभेवर घोळवला. "आंबटपणा उतरलाय. मऊ झालीय." मग ग्लास बराच वेळ नाकाशी धरला. "लोणी येतंय का गं?"

"हौ सर. ताजं लोणी."

"जास्त तर नाही ना?"

"नाही. पण आता गंधक घालून जिवाणू थांबवायला हवेत, नाहीतर ते हा वासही खाऊन टाकतील."

ते मान खाली घालून उभे राहिले. "नुसत्या जिभेवर भागत नाही बघ. तूच ठरव."

मी गंधक मोजून घातलं. महिनाअखेरीस सरांनी राजीनामा दिला. पुढे त्या वाइनचं सगळ्यांनी माझ्यासमोर कौतुक केलं, आणि ते ऐकायला सर नव्हते म्हणून मला मान वर करवेना.